सात आडव्या रेघा आणि एक शंकरपाळी

वैद्यकीय उपचारांवर जगभरात झालेल्या चाचण्या गोळा करून त्यांचे आढावे प्रसिद्ध करणारी कॉक्रेन नावाची संस्था १९९३ साली स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हात एक उभी रेघ आहे, तिच्या आजूबाजूला कमी-जास्त लांबीच्या सात आडव्या रेघा आहेत आणि तळाशी शंकरपाळीच्या आकाराची एक खूण. पाहणाऱ्याला ती नुसती नक्षी वाटते. पण हा खराखुरा आलेख आहे, फक्त त्यावरचे आकडे काढून टाकलेले आहेत. संशोधक अशा आलेखाला फॉरेस्ट प्लॉट म्हणतात. हल्ली कुठल्याही औषधाविषयीचा मोठा आढावा उघडला की तो हमखास समोर येतो, आणि बहुतेक वाचक त्याला वळसा घालून थेट निष्कर्षाकडे जातात. तसं करायची काही गरज नाही. बोधचिन्हातल्या त्या सात रेघांवर त्यांचे आकडे परत ठेवले, तर आलेख कसा वाचायचा हे त्याच्यावरच शिकता येतं.

प्रश्न होता अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. दिवस भरण्याच्या बरंच आधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं तयार झालेली नसतात. फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो, तोच त्यांच्याकडे पुरेसा नसतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स १९६०च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूती सुरू कशामुळे होते, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी पोटातल्या कोकरांना स्टेरॉइड दिलं, तेव्हा जगूच नये इतक्या लवकर जन्मलेलं एक कोकरू श्वास घेताना आढळलं. मग बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी माणसांवर चाचणी घेतली. मुदतीआधी प्रसूत होण्याची चिन्हं असलेल्या काही बायकांना बीटामेथासोनचं इंजेक्शन दिलं आणि काहींना दिलं नाही. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं योगायोगावर सोडलं होतं. निकाल १९७२ साली छापून आला, आणि पुढच्या काही वर्षांत इतर ठिकाणीही तशाच चाचण्या झाल्या. बोधचिन्हातली प्रत्येक आडवी रेघ म्हणजे त्यांतली एकेक चाचणी.

सुरुवात ऑकलंडच्या रेघेपासून करू. स्टेरॉइडच्या गटात ५३२ बाळं होती, त्यांतली ३६ दगावली आणि ४९६ वाचली. दुसऱ्या गटातल्या ५३८ पैकी ६० दगावली, ४७८ वाचली. वेगळ्या शब्दांत, पहिल्या गटात वाचलेल्या दर १०० बाळांमागे ७.३ दगावली आणि दुसऱ्या गटात १२.६. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की ०.५८ येतं. याला ऑड्स रेशो म्हणतात. उपचाराने काहीच फरक पडला नसता तर दोन्ही आकडे सारखे निघाले असते आणि भागाकार १ आला असता. आलेखातली उभी रेघ नेमकी या १ वर उभी असते. ऑकलंडचा चौकोन ०.५८ वर, म्हणजे उभ्या रेघेच्या डावीकडे पडतो. इथे आपण मृत्यू मोजतो आहोत, तेव्हा डावीकडे जाणं म्हणजे मृत्यू कमी होणं, आणि म्हणून डावी बाजू औषधाची.

नवखा वाचक सगळ्यात जास्त वेळा इथेच फसतो. डावीकडे म्हणजे औषध चांगलं, असा काही सार्वत्रिक नियम नाही. मोजलेली गोष्ट नकोशी असेल, जसं मृत्यू, झटका किंवा संसर्ग, तर औषधाची बाजू डावी. तीच चाचणी 'किती बाळं वाचली' अशी मांडली तर अख्खा आलेख आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो. म्हणून चांगल्या आलेखात आडव्या अक्षाखाली दोन्ही टोकांना लिहिलेलं असतं, की ही बाजू उपचाराच्या बाजूची आणि ती तुलनेतल्या गटाची. चौकोनांकडे पाहण्याआधी आलेखाच्या डोक्यावरचं मोजमापाचं नाव आणि तळाच्या या दोन ओळी वाचाव्यात. अक्षावरचे आकडेही थोडे चमत्कारिक दिसतात. १ पासून ०.५ जितकं दूर, तितकंच दूर २ असतं. कारण निम्मं होणं आणि दुप्पट होणं हे दोन्ही एकाच तोलाचे बदल आहेत आणि अक्ष त्या हिशेबाने आखलेला असतो.

आता चौकोनातून दोन्ही बाजूंना निघणारी आडवी रेघ. ०.५८ हा आकडा त्या एका चाचणीत मिळाला. तीच चाचणी दुसऱ्या हजार बाळांवर केली असती तर ०.५ किंवा ०.७ सुद्धा मिळू शकला असता. योगायोगाची ही सूट गृहीत धरून खरं उत्तर कुठल्या टप्प्यात असणं सुसंगत आहे, हे आडवी रेघ दाखवते. तिला ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. ऑकलंडची रेघ साधारण ०.३८ पासून ०.८९ पर्यंत जाते. म्हणजे तिचं उजवं टोकसुद्धा १ च्या अलीकडेच थांबतं. 'औषधाने काहीच फरक पडत नाही' हे उत्तर या चाचणीच्या आकड्यांशी नीट जुळत नाही.

दुसरी एक रेघ घेऊ, पापाजॉर्जिओ यांच्या चाचणीची. स्टेरॉइडच्या गटातल्या ७१ बाळांपैकी १ दगावलं, दुसऱ्या गटातल्या ७५ पैकी ७. भागाकार ०.१४. कागदावर हा ऑकलंडपेक्षा कितीतरी भारी निकाल आहे. पण रेघ पाहिली तर ती ०.०२ पासून १.१६ पर्यंत लांबलेली, उभी रेघ ओलांडून थोडी पलीकडे गेलेली. आणखी एकच बाळ इकडचं तिकडे झालं असतं तर चौकोन दूर सरकला असता. ब्लॉक यांच्या चाचणीची गतही तीच: ६९ पैकी १ विरुद्ध ६१ पैकी ५, चौकोन ०.१६ वर, आणि रेघ १ ओलांडून पलीकडे. चौकोन डावीकडे जितका लांब तितकं औषध गुणकारी, असं पाहता पाहता वाटून जातं. या आलेखात मात्र सगळ्यांत डावीकडचे दोन चौकोन सगळ्यांत कमी भरवशाचे आहेत.

टॉयश यांच्या चाचणीतून आणखी एक गोष्ट कळते. तीत एकूण १२७ बाळं होती, म्हणजे पापाजॉर्जिओंच्या १४६ पेक्षा कमी. तरीही तिची रेघ पुष्कळ आखूड आहे. कारण रेघेची लांबी किती बाळं होती यापेक्षा किती दगावली यावर जास्त अवलंबून असते. टॉयश यांच्या चाचणीत एकूण १८ मृत्यू झाले, पापाजॉर्जिओंच्या चाचणीत ८. क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर चाचणी घेतली तर हजारो माणसं घेऊनही रेघ लांबच राहते, ते याचमुळे. टॉयश यांचा चौकोन जवळजवळ उभ्या रेघेवरच आहे, १.०२ वर, आणि रेघ ०.३७ पासून २.७७ पर्यंत. ही चाचणी औषधाच्या विरोधात आहे का? तसं म्हणता येत नाही. मृत्यू निम्म्याहून कमी होतात हेही या रेघेत बसतं आणि अडीच पटींहून जास्त होतात हेही बसतं. तिच्याकडे सांगण्यासारखं फार थोडं आहे, एवढंच.

उरलेल्या तिघांची हजेरी भराभर घेऊ. डोरान यांचा चौकोन ०.२५ वर, आणि रेघ ०.८१ ला संपते, म्हणजे १ च्या आत. गॅम्सू ०.७० वर आणि मॉरिसन ०.३५ वर, दोघांच्याही रेघा १ ओलांडतात.

मग सात चाचण्यांपैकी कुठल्या औषधाच्या बाजूच्या? पूर्वी आढावे लिहिणारे लोक सरळ मोजदाद करत. रेघ १ ला न शिवणाऱ्या दोनच, ऑकलंड आणि डोरान. उरलेल्या पाच शिवणाऱ्या. पाच विरुद्ध दोन, म्हणजे पुरावा दुबळा. ही मतमोजणी दिसायला न्याय्य असली तरी ती चूक आहे. १ ला शिवणारी रेघ 'फरक नाही' असं सांगत नाही, ती 'मला खात्रीने सांगता येत नाही' असं सांगते. डॉक्टरी लेखांतही 'औषधाचा परिणाम आढळला नाही' असं वाक्य सर्रास येतं. तिथे आलेख पाहिला तर पुष्कळदा नुसती लांबलचक रेघ दिसते, जिच्या पोटात मोठा फायदाही दडलेला असू शकतो. या सातांपैकी सहा चौकोन डावीकडे आहेत. औषध निरुपयोगी असतं तर ते साधारण निम्मे-निम्मे विखुरले असते.

म्हणूनच तळाशी शंकरपाळी असते. सगळ्या चाचण्यांचं एकत्रित उत्तर तिच्या मध्यभागी, आणि तिची डावी-उजवी टोकं म्हणजे त्या उत्तराचा कॉन्फिडन्स इंटरव्हल. एकत्र करताना सगळ्या चाचण्यांना सारखा मान मिळत नाही. जिचं उत्तर जास्त नेमकं तिचं वजन जास्त, आणि चौकोनाचा आकार हे वजन दाखवतो. या आलेखात ऑकलंडचा चौकोन सगळ्यांत मोठा असतो, कारण एकट्या ऑकलंडचं वजन साधारण निम्मं आहे. डोळा मात्र आपसूक लांब रेघेकडे जातो, म्हणजे नेमक्या सर्वांत दुबळ्या चाचणीकडे. मोठ्या चौकोनांकडे आधी पाहायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

इथे शंकरपाळी ०.५३ वर आहे, टोकं ०.३९ आणि ०.७३. १ पासून दोन्ही टोकं चांगलीच दूर. सातही चाचण्यांतली बाळं नुसती बेरीज करून पाहिली तर स्टेरॉइडच्या गटात १,००७ पैकी ६७ दगावली, दुसऱ्या गटात १,००४ पैकी १२०. म्हणजे शंभरांत सुमारे सात विरुद्ध बारा. खरा हिशेब अशा बेरजेने करत नाहीत, प्रत्येक चाचणीची तुलना तिच्या आतल्या आतच करून मग एकत्र करतात. पण शंभर बाळांमागे पाचेक जीव वाचले, हे नुसत्या ०.५३ वरून कधीच कळलं नसतं. आलेख फक्त गुणोत्तर दाखवतो. मुळात धोका किती होता हे डावीकडच्या रकान्यांत छापलेल्या आकड्यांवरून काढायचं असतं. शंभरांतले बारा मृत्यू सातवर येणं आणि दहा हजारांतले बारा सातवर येणं, दोन्हींची शंकरपाळी जवळपास एकाच जागी पडते.

शंकरपाळीवर विश्वास टाकण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आडव्या रेघा एकमेकींवर पडतात का. पेन्सिलने एक उभी रेघ अशी काढता आली, की ती सगळ्या आडव्या रेघांना छेदून जाईल, तर चाचण्या एकमेकींशी भांडत नाहीत असं मानायला हरकत नाही. इथे ०.५३ वर काढलेली रेघ सातही रेघांमधून जाते. हेच आलेखाखाली I² या आकड्याने सांगितलेलं असतं. चाचण्यांमधला फरक योगायोगाने समजावून सांगता येईल त्याहून किती जास्त आहे, याचा तो अंदाज. इथे तो १३ टक्क्यांच्या आसपास येतो. ७०-८० टक्के असेल तर शंकरपाळीकडे पाहण्याऐवजी चाचण्यांमध्ये काय वेगळं होतं ते शोधायला हवं: औषधाचा डोस, रुग्णांचं वय की मोजण्याची पद्धत. दोन गट एकमेकांपासून दूर उभे असतील तर त्यांच्या मधोमध पडलेली शंकरपाळी कोणाचंच उत्तर नसते.

दुसरी गोष्ट, लहान चाचण्यांनीच सगळा कौल दिलेला नाही ना. लहान चाचणीत योगायोगाने झकास निकाल आला तर ती छापली जाते, फिका आला तर कपाटात पडून राहते. मग आलेखात लहान चौकोन फक्त औषधाच्या बाजूचेच दिसतात. हृदयविकाराच्या झटक्यात मॅग्नेशियमचं इंजेक्शन देण्याबाबत हे घडलं. १९९१ साली सात लहान चाचण्या एकत्र केल्या तेव्हा मृत्यू निम्म्यावर येतात असं दिसलं. १९९५ साली आयसिस-४ या चाचणीत ५८,०५० रुग्ण घेतले, तेव्हा मॅग्नेशियम मिळालेल्यांत २,२१६ आणि न मिळालेल्यांत २,१०३ मृत्यू झाले. फायदा नाहीसा झाला होता. स्टेरॉइडच्या आलेखात ही परीक्षा करायला ब्लॉक आणि पापाजॉर्जिओ, म्हणजे सगळ्यांत डावीकडच्या दोन दुबळ्या चाचण्या वगळून पुन्हा हिशेब केला. उत्तर ०.५८ च्या आसपास येतं, टोकं ०.४२ आणि ०.८१. शंकरपाळी उजवीकडे थोडी हलली, पण १ पासून दूरच राहिली. आणि तिच्या गाभ्यात ऑकलंड आहे, जी स्वतःच्या बळावरही उभी राहते.

१९७२ साली पहिला निकाल आला तरी हा उपचार प्रसूतिगृहांत रुळायला वीस वर्षं लागली. दुष्परिणामांची भीती होती, आणि सुटी सुटी चाचणी वाचणाऱ्याला बहुतेक वेळा 'खात्रीने सांगता येत नाही' हेच उत्तर मिळत होतं. १९९० च्या सुमारास पॅट्रिशिया क्राउली आणि सहकाऱ्यांनी चाचण्या एकत्र मांडल्या. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलावलेल्या परिषदेने उपचाराची शिफारस केली. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ चाचण्या होत्या आणि नवजात मृत्यूंचं गुणोत्तर ०.७८ निघालं, टोकं ०.७० आणि ०.८७. हा ऑड्स रेशो नव्हे, धोक्यांचं सरळ गुणोत्तर आहे, त्यामुळे आधीच्या ०.५३ शी त्याची थेट तुलना करू नये. शंकरपाळी अजून डावीकडेच आहे आणि आता बरीच अरुंद झाली आहे.

पण शंकरपाळी कोणाबद्दल बोलते, हे आलेखात काढलेलं नसतं. जुन्या चाचण्या बहुतांशी श्रीमंत देशांतल्या, सुसज्ज रुग्णालयांतल्या होत्या. मग अॅक्ट नावाची चाचणी सहा देशांत झाली. भारतात तिची केंद्रं बेळगाव आणि नागपूर परिसरात होती. इथे एकेका बाईऐवजी गावांच्या समूहांची वाटणी केली. काही समूहांत आरोग्य कर्मचाऱ्यांना मुदतीआधी होणारी प्रसूती ओळखून स्टेरॉइड द्यायला शिकवलं, बाकीच्यांत नेहमीची सेवा चालू ठेवली. २०१५ साली निकाल आला. सगळी बाळं धरली तर २८ दिवसांच्या आतले मृत्यू हजारी २७.४ विरुद्ध २३.९, गुणोत्तर १.१२, आणि रेघ १.०२ पासून १.२२ पर्यंत. अख्खी रेघ १ च्या उजवीकडे. मातांमधल्या संसर्गाचा संशयही वाढलेला दिसला.

औषध तेच असताना रेघ दुसऱ्या बाजूला गेली, कारण विचारलेला प्रश्न वेगळा होता. सोनोग्राफीशिवाय गरोदरपणाचे आठवडे नेमके सांगणं अवघड असतं, त्यामुळे स्टेरॉइड मिळालेल्या पुष्कळ बायकांची बाळं मुळात अपुऱ्या दिवसांची नव्हतीच. त्यांना फायदा व्हायचं कारण नव्हतं, धोका तेवढा होता. शिवाय लवकर जन्मलेल्या बाळाची पुढे नीट काळजी घेणारा विभाग सगळीकडे जवळ नव्हता.

मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत अॅक्शन-१ ही चाचणी घेतली. सोनोग्राफीने दिवस पक्के केलेल्या, २६ ते ३३ आठवड्यांच्या आणि लवकर प्रसूत होण्याचा धोका असलेल्या २,८५२ बायका निवडल्या. औषध होतं डेक्सामेथासोन, दर बारा तासांनी ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त चार वेळा. तुलनेतल्या गटाला दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. फायदा स्पष्ट दिसल्यामुळे चाचणी वेळेआधीच थांबवली. २०२० साली निकाल छापला: नवजात मृत्यू १९.६ टक्के विरुद्ध २३.५ टक्के. गुणोत्तर ०.८४, रेघ ०.७२ पासून ०.९७ पर्यंत, १ च्या जेमतेम अलीकडे. संघटनेच्या शिफारशीत आजही औषधाच्या नावासोबत अटी जोडलेल्या आहेत. गरोदरपणाचे आठवडे नेमके ठाऊक हवेत, आईला संसर्ग नसावा, बाळंतपणाची पुरेशी सोय हवी, आणि जन्मलेल्या बाळाला ऊब, दूध आणि श्वासाचा आधार देणारा विभाग जवळ हवा.